चॅनेल रुंद, वेग मंद

वाय-फाय राऊटरच्या सेटिंगमध्ये Channel Width किंवा Bandwidth नावाचा एक रकाना असतो. त्यात २०, ४०, ८० आणि नव्या राऊटरवर १६० असे आकडे दिसतात. बहुतेक घरांत हा रकाना मोठ्यात मोठ्या आकड्यावर ठेवलेला असतो. राऊटर तसाच आलेला असतो, किंवा जोडणी द्यायला आलेला मुलगा ‘यावर जास्त स्पीड मिळतो’ म्हणून तसं करून जातो. त्याचं म्हणणं मोकळ्या जागेतल्या एकट्या घरापुरतं बरोबरही आहे. पण मजल्यावर चार-सहा फ्लॅट, वर-खाली तितकेच आणि समोरची विंगही हाकेच्या अंतरावर, अशा इमारतीत तोच मोठा आकडा संध्याकाळच्या वेळी प्रत्यक्ष वेग खाली आणू शकतो. मग लोक शंभरचा प्लॅन तीनशेचा करून घेतात आणि तरीही मुलाच्या ऑनलाइन क्लासमधला चेहरा गोठतोच. अडचण फायबरमध्ये नसून घरातल्या हवेत असेल, तर प्लॅनवर वाढवलेले पैसे दर महिन्याला फुकट जातात. हे टाळता येतं. त्यासाठी त्या आकड्याचा अर्थ नीट कळायला हवा.

वाय-फायला रेडिओ लहरींचा एक ठरावीक पट्टा वापरायला मिळतो. त्या पट्ट्याचे वीस-वीस मेगाहर्ट्झचे तुकडे पाडलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर आहे. हा एक तुकडा म्हणजे एक चॅनेल. ‘४०’ म्हणजे शेजारचे दोन तुकडे जोडून वापरायचे, ‘८०’ म्हणजे चार, ‘१६०’ म्हणजे आठ. तुकडे जितके जास्त, तितकी माहिती एका वेळी जाते. साध्या लॅपटॉपमध्ये दोन अँटेना असतात. अशा वाय-फाय ५ च्या लॅपटॉपला २० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १७३ एमबीपीएसचा दुवा मिळतो, ४० वर ४०० चा आणि ८० वर ८६६ चा. वाय-फाय ६ मध्ये हेच आकडे साधारण २८७, ५७४ आणि १२०१ असे होतात. खोक्यावर ठळक छापलेले आकडे या कुळातले असतात. राऊटर आणि लॅपटॉप यांच्यात जेव्हा खरोखर बोलणं चालू असतं, तेवढ्या क्षणांपुरता हा वेग असतो. बोलायची पाळी किती वेळा मिळणार, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि पाळी लागते, कारण हवा सगळ्यांची एकच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. वाय-फायचं प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकतं. कुणी बोलत असेल तर थांबतं, शांत झालं की आणखी थोडा वेळ वाट पाहतं आणि मग बोलतं. ही शिस्त फक्त तुमच्या घरातल्या उपकरणांपुरती नाही. शेजारच्या फ्लॅटचा राऊटर त्याच चॅनेलवर असेल आणि त्याचा सिग्नल तुमच्यापर्यंत येत असेल, तर त्यांच्या टीव्हीवर चाललेला सिनेमासुद्धा तुमच्या लॅपटॉपला थांबायला लावतो. त्यांचा पासवर्ड वेगळा, कंपनी वेगळी, बिल वेगळं, पण हवा तीच.

आता जागेचा हिशेब पाहू. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वांना परवान्याविना वापरायला खुला झाला. एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण त्याचा मधला मोठा भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे कितीतरी घरगुती राऊटर स्वतःहून तिकडे फिरकतच नाहीत. उरतात दोन टोकं. एकीकडे ३६, ४०, ४४, ४८ हे चार चॅनेल, दुसरीकडे १४९, १५३, १५७, १६१ हे चार आणि जोडीला १६५. सगळे राऊटर २० वर ठेवले तर नऊ वेगवेगळ्या जागा होतात. ४० वर चार. ८० वर फक्त दोन. म्हणजे इमारतीत ८० वर चालणारी तीस घरं असतील, तर ती सगळी या दोन जागांत कोंबलेली असतात. त्यातही बरेच राऊटर कारखान्यातून ३६ वर लावून येतात आणि कुणी ते बदलत नाही.

माझ्या मावसबहिणीचं घर डोंबिवलीला आहे. सातवा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. फायबर डक्टमधून येतो म्हणून राऊटर प्रवेशद्वारावरच्या लॉफ्टला टांगलेला, आणि तिचं ऑफिसचं काम चालतं ते आतल्या बेडरूममध्ये, दोन भिंती पलीकडे. सकाळी सगळं ठीक. संध्याकाळी सातनंतर परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर मीटिंग सुरू झाली की आवाज तुटायचा. कंपनीला फोन केला की ते दूरवरून तपासून ‘मॅडम, तुमच्याकडे दोनशे पूर्ण येतायत’ असं सांगायचे, आणि ते खरंच सांगत होते. राऊटरला केबलने लॅपटॉप जोडला की संध्याकाळीही १९० च्या वर मिळत होते. म्हणजे फायबर निर्दोष होता आणि राऊटर ते बेडरूम एवढ्या पंचवीस-तीस फुटांत काहीतरी बिनसत होतं.

असा संशय आला की पहिली तपासणी राऊटरपर्यंतचीच करायची. वेग मोजणारी संकेतस्थळं सगळा रस्ता एकत्र मोजतात, त्यातून दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते कळत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राऊटरलाच हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. राऊटरचा पत्ता बहुतेक वेळा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, तो त्याच्या मागच्या स्टिकरवर सापडतो.

```
ping -n 50 192.168.1.1
netsh wlan show networks mode=bssid
```

निरोगी वाय-फायवर पहिल्या कमांडची उत्तरं दोन ते दहा मिलिसेकंदांत येतात. बहिणीकडे संध्याकाळी ती ४, ६, ११० अशी उड्या मारत होती, मधूनच १८० व्हायची आणि एखाददुसरं उत्तर यायचंच नाही. दुसरी कमांड आसपासची सगळी नेटवर्कं, त्यांचे चॅनेल आणि सिग्नल दाखवते. कोणता राऊटर किती रुंद पसरलाय ते मात्र तिच्यात कळत नाही. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्यावं. त्यात प्रत्येक नेटवर्कची कमान दिसते आणि कमानीचा पाया जेवढा रुंद, तेवढा त्याचा चॅनेल रुंद.

बेडरूममध्ये उभं राहून पाहिलं तर ३६ ते ४८ या चौकडीवर नऊ नेटवर्कं एकमेकांवर चढलेली होती, तिच्या स्वतःच्यासकट, सगळी ८० वर. पलीकडच्या चौकडीत दोनच होती. दोन्ही १४९ आणि १५३ वर, ४० रुंदीची. त्यातलं एक भिंतीला लागून असलेल्या फ्लॅटचं, सिग्नल चांगला कडक. १५७ आणि १६१ वर काहीच नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही. म्हणून रुंदी ८० वरच ठेवून आधी चॅनेल १४९ केला. नऊ जणांतून निघून आपण तिघांत आलो, त्यामुळे सुधारणा दिसली. पण शेजारी टीव्ही लागला की वेग पुन्हा कोसळायचा आणि पिंगच्या उड्या सुरू व्हायच्या. मग रुंदी ४० केली आणि चॅनेल १५७. आता तिचं नेटवर्क १५७ आणि १६१ या दोन मोकळ्या तुकड्यांतच राहिलं. लॅपटॉपवर दिसणारा दुव्याचा वेग खाली आला. आधी तो ३९० आणि ५२० च्या मध्ये हलत असायचा, आता २७० ते ३०० दाखवू लागला. आणि प्रत्यक्ष वेग, जो संध्याकाळी चाळीस ते नव्वदच्या मध्ये लटपटत होता, तो दीडशेच्या आसपास स्थिर झाला. पिंग दहाच्या आत. कागदावरचा आकडा साधारण एक-तृतीयांशाने घटला आणि हाती येणारा वेग सरासरीने दुपटीहून जास्त झाला, एवढं एका बदलाने होतं.

असं का झालं, याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण समजायला एसटीची आठवण पुरेशी आहे. चौघांचं कुटुंब गर्दीच्या गाडीत चढतं आणि चार जागा शेजारी-शेजारी मिळाल्या तरच बसायचं असं ठरवतं. त्या रांगेत एक जरी माणूस बसलेला असेल, तरी उरलेल्या तीन जागा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. ८० रुंदीच्या राऊटरचं असंच होतं. चारही तुकडे एकाच वेळी शांत असले, तरच त्याला पूर्ण वेगाने बोलता येतं. शेजाऱ्याने १४९ आणि १५३ हे दोनच तुकडे वापरले, तरी १५७ आणि १६१ रिकामे राहून वाया जातात. राऊटरचा मुख्य चॅनेल मोकळ्या भागात असेल, तर काही राऊटर तेवढ्या पाळीपुरते आपोआप ४० वर उतरतात आणि बोलून घेतात. पण मुख्य चॅनेल शेजाऱ्याच्याच तुकड्यावर असेल, जसा बहिणीकडे तो १४९ होता, तर थांबण्यावाचून मार्ग नाही.

मुख्य चॅनेल ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि सगळ्या खुब्या तिच्यात आहेत. रुंदी कितीही असो, चार तुकड्यांतला एक मुख्य असतो. सेटिंगमध्ये तुम्ही जो नंबर निवडता तो हाच. पाळीची खरी वाट पाहणं फक्त मुख्य चॅनेलवर होतं. तिथे राऊटर अगदी क्षीण वाय-फाय सिग्नलही ओळखतो, उणे ८२ डीबीएमपर्यंत. समोरच्याने ‘मी इतका वेळ बोलणार आहे’ असं जाहीर केलेलं असतं, तेही तो वाचतो आणि तेवढा वेळ गप्प बसतो. बाकीच्या तुकड्यांकडे तो बोलण्याच्या ऐन आधी, सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा वेळ, कान देतो. त्यातही तिथला सिग्नल साधारण उणे ७२ डीबीएमच्या वर असेल तरच त्याची दखल घेतो. दहा डीबीचा फरक म्हणजे दहापट ताकद. म्हणजे मुख्य चॅनेलवर जो शेजारी स्पष्ट ऐकू आला असता, तोच बाजूच्या तुकड्यावर असेल तर ऐकूच येत नाही. राऊटर सरळ त्याच्या बोलण्यावर बोलतो, दोघांचीही माहिती खराब होते आणि दोघांनाही ती पुन्हा पाठवावी लागते. बहिणीकडे हरवणारी पिंगची उत्तरं याच जातीची.

यातून एक उलटं वाटणारं व्यवहारी सूत्र निघतं. एखादी चौकडी शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायचीच असेल, तर मुख्य चॅनेलही त्याचाच घ्यावा. तो ३६ वर असेल तर आपणही ३६, मुद्दाम ४४ नको. एकाच मुख्य चॅनेलवर दोघं एकमेकांना नीट ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांत घुसलेली दोन नेटवर्कं एकमेकांना ऐकत नाहीत, फक्त त्रास देतात. पूर्ण वेगळं व्हावं किंवा पूर्ण एकत्र यावं, मधली अवस्था सगळ्यांत वाईट.

दुसरं कारण सिग्नल आणि खरखर यांच्या नात्यात आहे. राऊटरची ताकद रुंदीबरोबर वाढत नाही. तीच ताकद चारपट रुंद पट्ट्यावर पसरली, की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर रुंद चॅनेल म्हणजे जास्त खरखर गोळा करणं. रुंदी दुप्पट केली की सिग्नल खरखरीच्या तुलनेत तीन डीबीने घसरतो, चौपट केली की सहाने. राऊटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतील तर याने काही बिघडत नाही. दोन भिंती मध्ये आल्या की मात्र उपकरण सावध होतं, एका वेळी कमी माहिती भरतं आणि पाठवायची पद्धत हळू करतं. म्हणूनच बहिणीच्या बेडरूममध्ये ८० वर ८६६ कधी दिसले नाहीत, बहुतेक वेळा ३९० च्या आसपास दिसले. आणि रुंदी निम्मी केल्यावर वेग निम्मा न होता २७० वर थांबला. भिंतींपलीकडे रुंदीचा फायदा निम्म्याहून जास्त आटलेला असतो.

तिसरं कारण वाट पाहण्याच्या वेळेचं आहे, आणि मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण मीटिंग, फोन आणि ऑनलाइन वर्ग यांना झळ इथेच बसते. दीड हजार बाइटचं एक पाकीट ८६६ च्या वेगाने पाठवायला सुमारे १४ मायक्रोसेकंद लागतात आणि १७३ च्या वेगाने सुमारे ७०. पण त्या आधी चॅनेल शांत झाल्याची खात्री करणं, मग यादृच्छिक आकडा मनात धरून थांबणं, सुरुवातीची ओळख सांगणं आणि शेवटी समोरच्याची पोच येणं, या सगळ्याला मिळून साधारण २०० मायक्रोसेकंद जातात. हा वेळ रुंदी वाढवून कमी होत नाही. तेव्हा एकूण हिशेब ८० वर २१४ आणि २० वर २७०. कागदावर पाचपट वेग, प्रत्यक्षात वीस टक्क्यांची बचत. मोठी फाइल उतरवताना राऊटर अनेक पाकिटं एकत्र बांधून एकाच पाळीत पाठवतो आणि तिथे रुंदीचं चीज होतं. बोलण्याची पाकिटं मात्र लहान असतात, ठरावीक अंतराने एकेक येतात आणि त्यांना थांबवून गठ्ठा बांधता येत नाही. त्यांना हवी असते लवकर मिळणारी पाळी. नऊ नेटवर्कांच्या घोळक्यात ती मिळत नाही.

इथे कुणी शंका काढेल, आणि ती रास्त आहे. चार घरांनी २०-२० चे वेगळे तुकडे घेतले काय आणि चौघांनी मिळून ८० वापरला काय, एकूण हवा तेवढीच नाही का? उलट एकत्र वापरल्यावर, बाकीचे तिघं गप्प असताना एकाला चौपट वेग मिळेल. हे गणित खरं आहे आणि दोन-तीन शांत शेजारी असतील तर प्रत्यक्षातही खरं ठरतं. पण ते गणित धरून चालतं की चौघंही सारखेच वेगवान आहेत, एकमेकांना स्पष्ट ऐकतात आणि पाळी बदलताना वेळ जात नाही. इमारतीत यातलं काहीच नसतं. एखाद्या घरात जुना, फक्त २० वर बोलणारा टीव्ही असतो. तो बोलत असताना ८० च्या चारही तुकड्यांवरचे सगळे थांबतात. तिसऱ्या मजल्यावरचा राऊटर सातव्याला ऐकू येतो पण नवव्याला नाही, त्यामुळे सातव्यावर दोघांची टक्कर होते. घोळका वाढला की टकरी वाढतात, प्रत्येक टकरीनंतर थांबायचा वेळ दुप्पट होत जातो आणि हवेचा बराचसा वेळ कुणाच्याच कामी येत नाही. म्हणून गर्दीत थोडी पण स्वतःची जागा जास्त उपयोगी पडते.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर प्रश्न विचारायचंही कारण नाही. तिथे २० ठेवावं, इमारतीत असाल तर कायमचं. तो सगळा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा. चॅनेल १ ते १३ आहेत खरे, पण त्यांच्यात पाच-पाच मेगाहर्ट्झचंच अंतर आहे, त्यामुळे एकमेकांना न लागणारे तीनच निघतात, १, ६ आणि ११. एका घराने ४० घेतला की जवळजवळ अर्धा पट्टा त्याचाच. शिवाय तिथे ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह आहे. नियमाप्रमाणे राऊटरने आजूबाजूला दुसरी नेटवर्कं दिसली तर आपणहून २० वर यायला हवं, पण सेटिंगमध्ये ४० ची सक्ती केलेली असेल तर काही राऊटर ते पाळत नाहीत. आणखी एक गोष्ट इथे नडते. प्रत्येक राऊटर ‘मी इथे आहे’ अशी हाक साधारण सेकंदाला दहादा देत असतो आणि २.४ वर ती बहुधा सगळ्यांत हळू वेगाने, एक एमबीपीएसने, दिली जाते. तीनशे बाइटच्या अशा एका हाकेला अडीच मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे एक नेटवर्क नुसतं जिवंत राहायला चॅनेलचा अडीच टक्के वेळ घेतं. एकाच चॅनेलवर दहा नेटवर्कं असतील, तर कुणी काहीही न वापरता हवेचा पाव भाग संपलेला असतो. रात्री सगळे झोपल्यावरही २.४ वरचा वेग यथातथाच का असतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मग ८० कुठे ठेवायचा? कोकणातल्या वाडीतलं घर, शेतातला बंगला, आजूबाजूला नेटवर्कच दिसत नाही, तिथे खुशाल ८० ठेवा. तिथे अडवायला कुणी नाही. इमारतीतही एखादी चौकडी खरोखर रिकामी असेल आणि काम राऊटरच्याच खोलीत होत असेल, तर ८० चांगला चालतो. घरातल्या घरात, एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठमोठे व्हिडिओ हलवणाऱ्यांना त्याचा फरक लगेच जाणवतो. पण आधी आपला प्लॅन किती आहे ते पाहावं. दुव्याच्या वेगातला साधारण साठ टक्के भाग प्रत्यक्ष हाती येतो असा ढोबळ हिशेब धरला, तर वाय-फाय ६ च्या लॅपटॉपला ४० रुंदीवर, एका खोलीत, साडेतीनशेच्या घरात वेग मिळतो. शंभर किंवा दोनशेच्या प्लॅनला यापेक्षा जास्त रुंदी लागतच नाही. ती वाढीव रुंदी आपल्याला काही देत नाही आणि शेजाऱ्यांची जागा मात्र घेते.

Auto हा पर्यायही फार भरवशाचा नाही. बहुतेक घरगुती राऊटरवर त्याचा अर्थ ‘जमेल तितकं रुंद’ एवढाच असतो. चॅनेलची आपोआप निवडही बरेच राऊटर फक्त चालू होताना करतात. सोसायटीची वीज गेली आणि परत आली, की सगळे राऊटर एकदम जागे होतात. प्रत्येक जण आजूबाजूला पाहतो तेव्हा बाकीचे अजून बोलायला लागलेले नसतात, सगळ्यांना सगळं मोकळं दिसतं आणि बरेच जण एकाच जागी जाऊन बसू शकतात. म्हणून गर्दीच्या इमारतीत चॅनेल आणि रुंदी दोन्ही हाताने ठरवून दिलेली बरी. ठरवायची वेळही संध्याकाळची, गर्दी ऐन भरात असतानाची. दुपारी बारा वाजता रिकामा दिसणारा चॅनेल रात्री नऊला रिकामा असेलच असं नाही.

राहिला १६० चा प्रश्न आणि त्या मधल्या, रडारच्या पट्ट्याचा. चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ वर हवामानाची आणि इतर रडार काम करतात. तिथे जाणाऱ्या राऊटरला आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि नंतर कधीही रडारची चाहूल लागली की ताबडतोब तो चॅनेल सोडावा लागतो. मुंबईत वेरावलीला भारतीय हवामान विभागाचं सी-बँडचं रडार २०२२ पासून आहे, आणि सी-बँडची हवामान रडार साधारण याच वारंवारितेच्या शेजारी चालतात. आता ५ गिगाहर्ट्झवर १६० ची अखंड जागा घ्यायची, तर ३६ ते ६४ किंवा १०० ते १२८ घ्यावी लागते, म्हणजे रडारचा पट्टा आलाच. सगळं छान चालू असताना घरातला प्रत्येक फोन एकदम तुटतो, मिनिटाभराने परत जोडला जातो आणि कारण काही सापडत नाही, अशी तक्रार १६० लावलेल्या घरातून आली तर आधी राऊटरच्या System Log मध्ये DFS किंवा Radar हे शब्द शोधावेत. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर याच कटकटीमुळे तो मधला पट्टा बऱ्याच इमारतींत ओस पडलेला असतो. राऊटर तिकडे जाऊ देत असेल आणि रडारचा त्रास होत नसेल, तर १०० वर ४० किंवा प्रसंगी ८० रुंदी ठेवून पाहायला हरकत नाही. काही जुने टीव्ही आणि स्वस्त फोन त्या चॅनेलवर नेटवर्कच दाखवत नाहीत, एवढं आधी तपासून घ्यावं.

नव्या वाय-फाय ७ मध्ये अडलेल्या तुकड्याला वगळून बाकीचे वापरायची सोय आली आहे. राऊटर आणि समोरचं उपकरण दोन्ही वाय-फाय ७ चे असतील, तर रुंद चॅनेलची सगळ्यांत मोठी खोट तिथे बरीचशी भरून निघते. ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टाही आहे. अमेरिकेने तो २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्यात ८० च्या सहा जागा बसतात. पण घरातला टीव्ही आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोन ५ गिगाहर्ट्झवरच राहणार आहेत, शेजाऱ्यांचेही.

बहिणीकडे ती सेटिंग तशीच चालू आहे. मधे एकदा मीटिंग पुन्हा अडखळू लागली तेव्हा तिने स्वतःच फोनवरचं ॲप उघडून पाहिलं. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते आणि त्यांचा राऊटर १५७ वर, ८० रुंदीने लागला होता. तिने खाली जाऊन त्यांना यादी दाखवली. त्यांचा प्लॅन शंभरचा होता. त्यांनी ४० करून ४४ घेतला. त्या बाजूला गर्दी होती, पण बऱ्याच जणांचे सिग्नल त्यांच्या मजल्यावर क्षीण येत होते. दोन्ही घरांतली पिंग त्या रात्री दहाच्या आत होती.